रात्रीचे दोन एकोणतीस

एका परिषदेच्या पत्रकातली ही ओळ बघा.

```
Full paper submission deadline: 30 November 2025, 11:59 PM
```

वाचायला तीन सेकंद लागतात. हीच ओळ चिनी भाषेत नेताना मला एक फोन, दोन ईमेल आणि जवळपास दीड दिवस लागला. त्यात अवघड शब्द एकही नाही. चिनी शिकायला लागल्यावर दुसऱ्या महिन्यात तारीख, वार आणि वेळ सांगता येऊ लागते. अडचण भाषेची नव्हतीच. ही ओळ नेमकं काय कबूल करते आहे, हे ती लिहिणाऱ्यांनाच माहीत नव्हतं.

मी वाडीत राहते. नागपूरच्या अमरावती रोडवरची वाडी, म्हणजे ट्रान्सपोर्टची गोदामं, ट्रकांच्या रांगा आणि शेजारी अंबाझरीची आयुध निर्माणी. इथे बसून कोणी चिनी भाषांतरं करत असेल असं कोणाला वाटत नाही. पण चिनी मी जवळच शिकले. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात ही भाषा शिकवतात. तिथून पुढे एक वर्ष वुहानला गेले, परत आले, आणि आता घरूनच काम करते. बहुतेक कामं मशिनींच्या माहितीपुस्तिकांची असतात. हे काम संत्र्याचं होतं.

संत्र्याचा आणि चिनीचा संबंध दिसतो त्यापेक्षा जवळचा आहे. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था याच अमरावती रोडवर आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नागपुरात एशियन सिट्रस काँग्रेस भरली होती. ही फळं जगात सगळ्यात जास्त पिकवतो चीन, आणि वुहान, चुंगकिंगसारख्या शहरांत त्यांवर मोठं संशोधन चालतं. आपल्याकडे ज्याला ग्रीनिंग म्हणतात, त्या रोगाचं जगभर चालणारं नावच मुळात चिनी आहे: हुआंगलोंगबिंग, म्हणजे पिवळ्या ड्रॅगनचा रोग. तेव्हा संत्र्यावर छोटीशी परिषद भरवणाऱ्यांना चिनी विद्यार्थ्यांचे निबंध हवे असतील, तर त्यात नवल नाही.

परिषदेचं नाव सांगत नाही, आणि तारखाही थोड्या बदलल्या आहेत. काम चार पानांचं होतं. दोन पानं निबंध मागवणारं निवेदन, म्हणजे कॉल फॉर पेपर्स, आणि दोन पानं निबंध कसा पाठवायचा याचे नियम. संयोजक एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांची अट एकच: "बेटा, तारखा आणि नियम जसेच्या तसे पाहिजेत. एक आकडा इकडचा तिकडे नको."

मी हो म्हटलं. पण जसंच्या तसं ठेवायचं म्हणजे कधी कधी आकडा बदलावा लागतो, हे त्यांना समजावण्यात पुढचा आठवडा गेला.

*

आधी वेळ घेऊ. रात्री ११:५९ म्हणजे कुठले ११:५९?

पत्रकात ते लिहिलेलं नव्हतं. नागपुरातल्या माणसाला तो प्रश्नच पडत नाही. चीन आपल्या अडीच तास पुढे आहे, आणि एवढा मोठा देश सरकारी कामात एकच घड्याळ वापरतो, बीजिंगचं. आता वुहानमधली एखादी विद्यार्थिनी ही ओळ चिनीत वाचते. घड्याळाचा उल्लेख नाही, म्हणून ती आपलंच घड्याळ धरेल आणि ३० तारखेला रात्री ११:५९ च्या आत निबंध पाठवेल. तेव्हा नागपुरात ९:२९ झालेले असतील. तिचं नुकसान दिसत नाही, पण नागपूरच्या विद्यार्थ्याला मिळालेले शेवटचे अडीच तास तिला मिळाले नाहीत.

दुसरा एखादा तिच्यापेक्षा मुरलेला असेल. कॉम्प्युटरच्या परिषदांमध्ये एक चाल आहे: पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेल तोवर निबंध घेतात. हे घड्याळ जागतिक वेळेच्या बारा तास मागे धरलेलं असतं. त्या हिशेबाने ३० नोव्हेंबर संपतो तेव्हा नागपुरात १ डिसेंबरचे संध्याकाळचे ५:२९ वाजलेले असतात आणि बीजिंगमध्ये ७:५९. ज्याला ती सवय आहे, तो १ तारखेला दुपारी निवांत पाठवेल आणि बाहेर राहील.

म्हणजे एका ओळीचे तीन अर्थ, आणि पहिल्या अर्थापासून तिसऱ्यापर्यंत बरोबर वीस तासांचं अंतर. मी सरांना फोन केला.

"सर, पोर्टल कोणत्या वेळेला बंद होणार आहे?"

"अगं, लिहिलं आहे ना, ११:५९."

"भारतातले?"

"मग काय लंडनचे?"

"आणि बरोबर त्या मिनिटाला बंद होतं?"

ते जरा थांबले. मग हसले. "खरं सांगू का, बंद करणारा पोरगा तेव्हा झोपलेला असते. सकाळी दहाला ऑफिसात येते, मग बंद करते."

"मग सकाळचे दहा लिहू?"

"छे छे, तसं कसं लिहिता येईल!"

लिहिता येणार नाही हे खरंच. पण नागपूरच्या मुलांना हे तोंडोतोंडी कळतं आणि वुहानच्या मुलीला कळत नाही, तेव्हा नियम दोघांना सारखा राहत नाही. शेवटी सरांनी पोर्टल आपोआप बंद होईल अशी सोय करून घेतली आणि मूळ इंग्रजीतही 'भारतीय प्रमाणवेळ' हे शब्द घातले. मग मी चिनीत असं लिहिलं:

```
全文投稿截止时间:
2025年11月30日(星期日)23:59(印度标准时间,UTC+5:30)
即北京时间2025年12月1日(星期一)02:29
```

पहिल्या ओळीत मथळा, दुसरीत मूळ वेळ वारासकट, तिसरीत तोच क्षण बीजिंगच्या घड्याळात. तारीख बदलली, महिना बदलला, वारही बदलला. क्षण मात्र तोच राहिला. वेळ मुद्दाम चोवीस तासांच्या पद्धतीने लिहिली, नाहीतर २:२९ दुपारचे समजायला जागा राहते. वार लिहिण्याचा एक आडफायदाही असतो. तारीख लिहिताना चूक झाली तर वार जुळत नाही, आणि वाचणारा निदान शंका तरी घेतो.

पुढच्या पानावर याचंच भावंडं सापडलं: 'पंधरा जानेवारी, मध्यरात्री १२ पर्यंत'. ही मध्यरात्र १५ तारखेच्या आधीची की नंतरची? चिनी लिखाणात दिवसाच्या सुरुवातीला ०:०० आणि शेवटाला २४:०० असं वेगळं लिहायची सोय आहे. म्हणजे मला दोन्हींपैकी एक निवडावंच लागणार होतं, आणि निवड माझी नव्हती. पुन्हा ईमेल. उत्तर आलं: दिवस संपतो ती. मग २४:०० लिहिलं आणि पुढे बीजिंगची वेळ, १६ जानेवारी, पहाटे २:३०.

*

वेळेनंतर येतात 'पर्यंत', 'आत' आणि 'आधी'.

मराठीतच बघा. "३० तारखेच्या आत दे" म्हटल्यावर ३० ला दिलं तर चालतं का? घरभाडं देणारा चालतं म्हणेल, घेणारा नाही म्हणेल. चिनीत 'छ्येन' हा प्रत्यय असाच आहे. तारखेला जोडला की 'त्याआधी' असा अर्थ होतो, आणि ती तारीख धरायची की नाही यावर चिनी माणसंही भांडतात.

२०२१ पासून लागू झालेल्या चीनच्या नागरी संहितेत, अगदी शेवटाकडे, १२५९ वं कलम आहे. 'इतके किंवा वर', 'इतके किंवा खाली', 'च्या आत' हे शब्द आले तर तो आकडा धरायचा. 'पेक्षा जास्त', 'पेक्षा कमी' आले तर धरायचा नाही, असं ते सांगतं. कायद्याला हे लिहून ठेवावं लागलं, यावरूनच गोंधळ किती असेल ते कळतं. आणि 'छ्येन' त्या यादीत नाही.

वुहानला माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगी होती, मातीतल्या जस्तावर काम करायची. तिने परदेशातल्या एका परिषदेला निबंध पाठवायचं ठरवलं. पत्रक चिनीत होतं. त्यात लिहिलं होतं, १५ मार्च ही शेवटची तारीख. तिने १५ ला संध्याकाळी पोर्टल उघडलं तर ते बंद. नंतर आम्ही मिळून इंग्रजी पत्रक काढून पाहिलं. तिथे '१५ मार्चच्या आधी' असं होतं. म्हणजे दारं १४ च्या रात्रीच लागली होती. तिने लिहून विचारलं. उत्तर आलं की पत्रकाच्या तळाशी सूचना आहे: दोन भाषांत फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य. तिला पदवी घेण्यापूर्वी एक निबंध कुठेतरी सादर झालेला लागत होता. तिची पदवी सहा महिने पुढे गेली.

त्या पत्रकाचं भाषांतर करणारी व्यक्ती वाईट चिनी लिहीत होती असं नाही. वाक्य छान होतं. फक्त एक दिवस जास्त होता.

म्हणून मी 'छ्येन' वापरलं तर पुढे कंसात 'तो दिवस धरून' असं घालते. शक्य असेल तिथे तो शब्दच टाळते आणि सरळ मिनिट लिहिते. 'शेवटची तारीख' यासाठीच्या शब्दातही एक खड्डा आहे. चिनीत रोमन अक्षरांनी टाइप करायचं असतं, आणि `jiezhi` टाइप केलं की पर्यायांच्या यादीत हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात:

```
截止   इथे थांबलं, यापुढे नाही
截至   इथपर्यंतचा हिशेब, पुढे चालू असू शकतं
```

पहिल्यात दार बंद होतं, दुसऱ्यात फक्त मोजणी तिथवर आलेली असते. बोट एक जागा सरकलं की अर्थ सरकतो, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्याला काही दिसत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच असतात. हे शेवटी डोळ्यांनीच तपासावं लागतं.

*

'शब्द' म्हणजे काय, हा तिसरा प्रश्न. नियम होता: सारांश ३०० शब्दांपेक्षा जास्त नसावा.

चिनीत लिखाण शब्दांत मोजत नाहीत, अक्षरांत मोजतात. अक्षराला 'त्झ' म्हणतात. शाळेतल्या निबंधापासून वर्तमानपत्रातल्या लेखापर्यंत सगळीकडे 'इतके त्झ'. त्यामुळे इंग्रजीतला 'शब्द' दिसला की हात आपोआप 'त्झ' लिहितो, आणि वाचणाऱ्यालाही ते खटकत नाही. पण एका इंग्रजी शब्दाचा आशय चिनीत साधारण दीड ते पावणेदोन अक्षरं घेतो. ३०० अक्षरांचा चिनी सारांश लिहून मग त्याचं इंग्रजी केलं, तर ते दोनशे शब्दांच्याही आत भरतं. म्हणजे तिकडच्या मुलीला आपलं काम सांगायला इकडच्या मुलापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी जागा. पद्धत सांगून होईल, निकाल अर्ध्यात राहील, आणि परीक्षक म्हणेल सारांश त्रोटक आहे.

उपाय साधा आहे, पण तो करण्याआधी एक गोष्ट विचारावी लागते: सारांश कोणत्या भाषेत घेणार? सरांनी सांगितलं, फक्त इंग्रजीत. मग ओळ अशी झाली:

```
英文摘要不超过300个英文单词(含300)
```

यात 'इंग्रजी' दोनदा आलं आहे. चिनी वाचकाला ते जरा जड वाटेल, पण हा जडपणा मुद्दाम आहे. शेवटच्या कंसात '३०० धरून' असंही आहे. ते नसतं तरी अर्थ तोच होता, पण अर्ध्या रात्री शब्द मोजणाऱ्याला तेवढा धीर मिळतो.

*

मग पानाची मापं. इथे मला वाटलं होतं की आकडेच आहेत, उचलून ठेवू. पण चीनमध्ये अक्षराच्या आकाराला जुनी छापखान्यातली नावं आहेत, आणि वर्डच्या चिनी आवृत्तीत यादीत आधी तीच दिसतात. विद्यार्थी त्याच नावांनी विचार करतात. १२ पॉइंटला 'श्याओ स' म्हणतात, म्हणजे 'धाकटा चौथा'. हे जमतं, कारण दोन्ही माप एकच आहे. पण तक्त्यांखालच्या मजकुराला १० पॉइंट सांगितले होते, आणि १० ला चिनीत नावच नाही. जवळचा 'वू हाओ', म्हणजे पाचवा, हा साडेदहाचा आहे, आणि 'धाकटा पाचवा' नऊचा.

अर्ध्या पॉइंटने काय होतं, असं सरही म्हणाले. निबंधाला आठ पानांची मर्यादा होती. ज्या निबंधात सहा-सात मोठे तक्ते आहेत, तिथे अर्धा पॉइंट आणि ओळींमधली जागा मिळून शेवटच्या दोन-चार ओळी नवव्या पानावर ढकलल्या जाऊ शकतात. नऊ पानं दिसली की न वाचता परत, हा नियमही त्याच पत्रकात होता. म्हणून १२ ला नाव आणि आकडा दोन्ही दिलं, १० ला फक्त आकडा:

```
正文:Times New Roman,12磅(小四)
表格注释:Times New Roman,10磅(不是五号)
页边距:上、下、左、右均为2.54厘米
```

समासांची ओळही अशीच विचारून ठरली. मूळ नियमात 'सगळीकडून एक इंच, म्हणजे वर्डमध्ये जे आपोआप येतं ते' असं होतं. आपल्याकडे ते खरं आहे. चिनी वर्डमध्ये कोरं पान उघडलं तर वर-खाली २.५४ सेंटीमीटर येतात, पण डावी-उजवीकडे ३.१८. 'आपोआप येतं ते' हे शब्द जसेच्या तसे नेले असते तर आकडा आणि शब्द एकमेकांशी भांडले असते. सरांना दाखवलं, त्यांनी ते शब्द मूळ पत्रकातूनही काढले.

ओळींमधल्या अंतराचंही तेच. चिनी वर्डमध्ये पानाला एक अदृश्य जाळी असते, आणि ओळी त्या जाळीला चिकटतात. दीडपट अंतर निवडलं तरी प्रत्यक्षात वेगळंच दिसू शकतं. ही खूण बंद करा, असं एक वाक्य मी टीप म्हणून सुचवलं. ते मूळ पत्रकात नसल्यामुळे 'भाषांतरकाराची टीप' असं स्पष्ट लिहून, सरांच्या परवानगीने टाकलं. नियमात आपल्या मनाचं काही मिसळायचं नाही. मदत करायची असेल तर ती वेगळी दिसली पाहिजे.

*

फाइलच्या नावाचा नियम असा होता:

```
LastName_PaperID.docx
```

'लास्ट नेम' म्हणजे आडनाव. चिनी माणसाचं आडनाव आधी येतं. शब्दशः 'शेवटचं नाव' केलं तर तो आपल्या नावाचा शेवटचा भाग लिहील. त्यामुळे इथे 'आडनाव' हाच चिनी शब्द घेतला, 'रोमन अक्षरांत, पहिल्या लेखकाचं' असं जोडलं आणि एक नमुना दिला: `Wang_P017.docx`. आडनाव वांग असलेले चीनमध्ये कोट्यवधी लोक आहेत, तेव्हा फाइल ओळखायचं खरं काम क्रमांकच करणार. म्हणून क्रमांक कुठून मिळतो, ते वाक्य मी त्याच्या लगेच खाली येईल याची काळजी घेतली. मूळ पत्रकातही ते खालीच होतं, फक्त मध्ये पान तुटत होतं.

नाव टाइप करताना एक बारीक गोष्ट असते. चिनी कीबोर्डवर विरामचिन्हं रुंद असतात, एका पूर्ण अक्षराची जागा घेणारी. वाक्यात ती योग्यच आहेत. पण ईमेलच्या पत्त्यात किंवा फाइलच्या नावात रुंद चिन्ह शिरलं तर दिसायला जवळपास तेच दिसतं आणि चालत नाही. वरचा पत्ता कॉपी करून खरंच ईमेल पाठवून बघणं, हाच त्यावरचा तपास.

*

सगळ्यात जास्त चर्चा मात्र एका साध्या क्रियापदावर झाली. नियमांत बावीस ठिकाणी 'शुड' होतं. लेखकांनी अमुक करावं, तमुक करावं.

आपल्या ऑफिसांच्या इंग्रजीत 'शुड' म्हणजे बहुतेक वेळा हुकूमच असतो, फक्त सभ्य आवाजातला. चिनीत तसं चालत नाही. तिथल्या राष्ट्रीय मानकांमध्ये हे शब्द वाटून दिलेले आहेत: 'यिंग' म्हणजे केलंच पाहिजे, 'यी' म्हणजे केलं तर बरं, 'ख' म्हणजे मुभा आहे. विज्ञानाचा चिनी विद्यार्थी हे तीन शब्द ओळखतो. बावीस ठिकाणी 'यी' लिहिलं तर त्याला सगळंच ऐच्छिक वाटेल. बावीस ठिकाणी 'यिंग' लिहिलं तर प्रत्येक बारीक गोष्टीसाठी तो रात्र जागवेल.

माझे बाबा वाडीतच ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टी फाडायचे. बिल्टीवर नग बारा लिहिले की बाराच उतरले पाहिजेत. पण 'सांभाळून उतरवणे' असा शिक्का असला, तर तो कोणी मोजत नाही. मी सरांना तेच विचारलं: या बावीसांमध्ये नग कोणते आणि शिक्के कोणते?

त्यांनी इंग्रजी प्रत घेऊन पेनने खुणा केल्या. निबंध परत पाठवाल असे नियम नऊ निघाले: पानांची मर्यादा, लेखकाचं नाव आत कुठेही नसणं, संदर्भांची पद्धत वगैरे. अकरा गोष्टी केल्या तर बऱ्या अशा होत्या. उरलेल्या दोनांबद्दल ते म्हणाले, "हे काऊन लिहिलं होतं, मलाच आठवत नाही," आणि ते दोन काढून टाकले. संदर्भांच्या बाबतीत मी आणखी एक शब्द जोडून घेतला. चिनी विद्यार्थ्यांच्या हाताला त्यांची राष्ट्रीय पद्धत बसलेली असते, ज्यात प्रत्येक संदर्भापुढे चौकटी कंसात प्रकाराचं अक्षर असतं. परिषदेला ती नको होती, म्हणून 'ती नाही, ही' असं नाव घेऊन लिहिलं.

*

काम संपल्यावर मी दोन तपास करते. पहिला आकड्यांचा. मूळ पत्रकातला प्रत्येक आकडा एका रकान्यात, चिनीतला शेजारच्या रकान्यात, आणि तिसऱ्यात कारण. या पत्रकात ५३ आकडे होते. चिनीत जास्त भरले, कारण बीजिंगच्या तारखा-वेळा आणि कंसातल्या खुलाशांची भर पडली. प्रत्येक जादा आकड्यापुढे तो कुठून आला हे लिहिलेलं असलं पाहिजे. एकाही आकड्यापुढे रकाना कोरा राहिला, तर काम संपलेलं नाही.

दुसरा तपास माणसाचा. वुहानची ती शेजारीण आता नोकरीला आहे. तिला मी इंग्रजी न दाखवता फक्त चिनी पत्रक पाठवलं आणि म्हटलं, यातलं वाचून एक खोटी फाइल बनव. नाव, समास, अक्षरं, सगळं नियमाप्रमाणे. आणि सांग, शेवटचं बटण किती वाजता दाबशील? दुसऱ्या दिवशी तिची फाइल आली. मापं जुळली. खाली एक ओळ होती: "एक डिसेंबर, पहाटे दोन एकोणतीसच्या आत. पण मी आदल्या रात्री दहालाच दाबेन, तुला माहीत आहे."

मला माहीत होतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नेहमीप्रमाणे, मुदत वाढली. १५ डिसेंबर. सरांचा मेसेज आला, "फक्त तारीख बदल बेटा, दोन मिनिटांचं काम." तारीख पत्रकात चार ठिकाणी होती. प्रत्येक ठिकाणी वार बदलला, बीजिंगची तारीख १६ झाली, तिचा वार मंगळवार झाला. पहिल्या पानावर आवृत्ती दुसरी असं लिहिलं, आणि जुनी फाइल रद्द झाली हेही, कारण चीनमध्ये अशी पत्रकं वीचॅटच्या ग्रुपांमध्ये फिरत राहतात आणि जुनी कधी मरत नाहीत.

सगळ्यात शेवटी सरांनी एक ओळ घालायला सांगितली. दोन भाषांत फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. मी ती घातली. संयोजकांना ती लागते आणि ती मागण्याचा त्यांना हक्क आहे. चिनीत ती जेमतेम दहा-बारा अक्षरांची होते. पण पहाटे दोन वाजता वसतिगृहातल्या दिव्याखाली बसलेल्या मुलीसमोर इंग्रजी मजकूर उघडलेला नसतो. तिच्यासमोर फक्त माझी चार पानं असतात, आणि त्यावरूनच ती ठरवत असते की अजून किती मिनिटं आहेत.